न विचारलेला प्रश्न

आमच्या इस्पितळातल्या औषधखिडकीवरच्या फार्मासिस्टचं पाळण्यातलं नाव बहुधा त्यांनाही आठवत नसावं. सगळे त्यांना ‘चौकशीमामा’ म्हणतात. गोळ्या हातात देण्याआधी ते विचारणारच, “कशासाठी घेताय?” मूळव्याधवाल्यांचे तर रांगेत चेहरे पडतात.

त्या सकाळी रांग दारापर्यंत गेली होती. “मामा, लग्न जमवताय का? आटपा की!” मागून कुणीतरी ओरडलं. खिडकीशी एक शिंपीणबाई होत्या. मामांनी त्यांची चिठ्ठी वाचून आतल्या मदतनीसबाईंना हाक दिली, “हायड्रॉक्सिझिन, पंचवीस!” ही खाजेवरची गोळी. त्या गलक्यात मदतनीसबाईंना ऐकू आलं हायड्रालाझिन, म्हणजे रक्तदाब उतरवणारी. दोन्ही पंचवीसच्याच, दोन्हींचे खोके शेजारी शेजारी. मामांनी पाकीट चिठ्ठीशी ताडून न बघताच पुढे सरकवलं. प्रश्नही गिळला.

“सुटले बाई,” शिंपीण म्हणाली. “अंगभर गांधी उठल्यात. खाजवू का टाके घालू!”

“खाजवू?”

आपण आज विचारलंच नाही, हे मामांच्या ध्यानात आलं. त्यांनी पाकीट मागे ओढलं. नाव वाचलं. हायड्रालाझिन.

“काय झालं हो?”

“चुकीची गोळी देत होतो, ताई. माफ करा. थांबा जरा.”

त्यांनी स्वतः उठून बरोबर गोळी आणली, चिठ्ठीशी ताडली, रात्री झोपताना घ्यायला सांगितली. शिंपीण निघून गेली. मामांचं मन मात्र त्या पाकिटापाशीच राहिलं.

दुपारी अहवाल लिहायला बसले, तर औषधविभागाच्या मुख्य बाई म्हणाल्या, “लिहा, नेहमीचा प्रश्न विचारला म्हणून चूक सापडली. खोटं काय त्यात? रोज विचारताच.”

“आज नाही विचारला.”

“अहो, कुणाला काही झालं का? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा!”

“मॅडम, प्रश्नाने वाचवलं असं लिहिलं, तर सगळे निर्धास्त होतील आणि खोके तिथेच राहतील. पुढचा माणूस गप्प बसणारा निघाला तर?”

त्यांनी लिहिलं: ‘औषधाचं नाव तोंडी सांगितलं. चिठ्ठीशी ताडलं नाही. मी विचारलं नाही. रुग्ण आपणहून बोलली.’

खोके वेगळ्या कपाटांत गेले. नाव ओरडून सांगणं बंद झालं. आता चिठ्ठीच आत जाते. मदतनीसबाई म्हणाल्या, “मामा, तुमच्या गळ्याला तेवढाच आराम.” मामा हसले, पण अर्धंच.

कारण घरी त्यांची बायको शिवणयंत्रावर बसते. यंत्र खडखडत असलं की मामा पेपर वाचतात. मध्येच थांबलं, की त्यांना दिसतं: ती शिंपीण चुकीची गोळी घेऊन उठते, भोवंडते, टेबलाची कड धरायला जाते.

“अगं?” ते आत धावतात.

“दोरा तुटला! किती वेळा विचाराल?”

मामा दारातच उभे राहतात, सुईत दोरा ओवला जाऊन यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत.