केळझरच्या दगडावर ‘आहे’ कुठे बसवायचं?

निवृत्त बाईला काम नसतं, असं धरून लोक तिला भांडणं सोडवायला बोलावतात. मलाही बोलावलं. दीना माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी ज्यू. तिच्या नवऱ्याला केळझरजवळ स्वतःच्या शेताच्या बांधावर पुरलंय. वर्षाच्या प्रार्थनेआधी दगड लावायचा होता. त्यावर शमा, म्हणजे ते रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात ती ओळ, मराठीत हवी होती. ठाण्याच्या दिराने बजावलं होतं, माझ्या शब्दांत कोरा, नाहीतर येणार नाही. शोकप्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि ते आणणार होता तोच. किती सोयीचा धर्माभिमान!

नागपूरहून पॅसेंजरने सिंदीला उतरले. जायचं असेल तर सकाळी निघा आणि स्टेशनबाहेरचे तर्री-पोहे सोडू नका. केळझरचा रस्ता मात्र कंबर असलेल्यांसाठी नाही. ऑटोवाल्याने गणपतीच्या देवळापाशी गाडी थांबवली, मला न विचारता. केळझरला येणारा प्रत्येकजण देवळासाठीच येतो, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

दीनाने चहाबरोबर ओळ मांडली. शमा, ऐक, आणि नुसतं कानाने नव्हे. इस्राएल, तो समाज. मग चार अक्षरी नाव, जे लिहितात पण उच्चारत नाहीत. त्याजागी म्हणतात अदोनाय, माझा प्रभू. एलोहेनु, आपला देव. पुन्हा अदोनाय. एखाद, एक. हिब्रूत ‘आहे’ लिहिलेलंच नाही, आणि भाषांतरकारांना नेमकं तेच सोसत नाही. कुणी म्हणतो, प्रभू आपला देव आहे, प्रभू एक आहे. कुणी, आपला देव प्रभू हा एकच प्रभू आहे. कुणी ‘एक’चा अर्थ ‘फक्त तोच’ घेतो. दिराचा मजकूर होता, ‘प्रभू आमचा देव आहे, फक्त प्रभूच’. ‘आमचा’! हाक ज्याला मारली, त्यालाच बाहेर ठेवलं. माझं डोकं तापलं, कारण शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेला ‘एकच प्रभू आहे’ हाच अर्थ खरा, याबद्दल मला शंका नव्हती.

“तू काऊन तापून राह्यली?” दीना म्हणाली. “देर तुझा नाई, माझा आहे.”

तेवढ्यात कारागीर आला. “बाई, ‘आहे’ कुठी टाकू तेवढं सांगा. छन्नी चालली का मंग मिटवता येत नाई.”

मी तोंड उघडलं. दीनाने उजव्या तळव्याने डोळे झाकले आणि ओळ म्हटली, शेवटचा शब्द लांबवत. मग हात काढून म्हणाली, “‘आहे’ टाकूच नका. ‘ऐक, इस्राएल, अदोनाय आपला देव, अदोनाय एक.’ असंच कोरा.”

दीर येईल का, या प्रश्नासकट मी घरी परतले. कंबर आठवडाभर दुखली.

मग दीनाचा फोन आला. दीर आला, नऊ जणांसकट. दगडापुढे उभं राहून त्याने ‘आपला’चं ‘आमचा’ करून, आपल्या मर्जीच्या जागी ‘आहे’ घालून मोठ्याने वाचलं आणि समाधानाने म्हणाला, बरं झालं, माझंच कोरलं. दीनाने पाठवलेला फोटो बघताना मीही सिस्टरांनी शिकवलेल्या जागी ‘आहे’ घालूनच वाचत होते, हे तिला सांगितलं नाही.

“तू कसं वाचलंस?” मी विचारलं.

“मी कुठे वाचलं? माझे डोळे झाकलेले होते.”