दुसरा चरण कुणाचा

रविवार, माघ शुद्ध दशमी. पासली, ओसरीवर. हजर: आजी, त्यांची सूनबाई, भोरच्या निवृत्त शिक्षिका असलेली माझी मैत्रीण आणि वही-मोबाईल घेऊन मी.

आमच्या तालुक्यातली एक कवयित्री जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्या कवितांची नवी आवृत्ती निघतेय, टिपा आणि सूची माझ्याकडे. तिची दोन चरित्रं आहेत, दोन्ही पुरुषांनी लिहिलेली. पहिल्यांनी लिहिलं की ती एकाकी होती आणि दिराने तिच्या कविता उतरवून घेतल्या. दुसऱ्यांनी तेच उचललं. दोन्ही चरित्रांच्या सूचींमधली नावं मी वेगळी काढली. पुरुषांची चार पानं भरली. बायका निघाल्या दोनच, आई आणि सासू. सबंध आयुष्य भातखाचरात, पाणवठ्यावर काढलेल्या बाईला एकही मैत्रीण नसावी, हे मला पटेना. म्हणून मैत्रीण आणि मी गावोगाव विचारत निघालो, तेव्हा या आजी सापडल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या तिच्याबरोबर भात लावत होत्या.

मी आधी प्रश्नांची यादी काढली. आजी म्हणाल्या, "तुमी लई लिवता. हात दुखत न्हाई व्हय?" सूनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. प्रश्न बाजूला ठेवून मी पुस्तकातली एक कविता म्हणायला सांगितली. आजींनी डोळे मिटले आणि हळू आवाजात गायल्या:

पाय रुतला चिखलात, काढू कसा एकटीनं...

आणि थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. मी पुस्तकात बघून पुढचा चरण सांगितला: धर माझ्या मनगटा, ओढते मी नेटानं.

आजी रागावल्या. "माझ्या तोंडात घालू नगं. मला पुढलं ठावं हाय. पर त्ये माझ्या बाजूचं न्हाई."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. भात लावताना बायका खाचरात दोन बाजूंनी उभ्या राहायच्या. अलीकडच्या बाजूला कवयित्री आणि या आजी, पलीकडे दोघी. अलीकडून पहिला चरण जायचा, पलीकडून दुसरा यायचा, तोही तिथल्या तिथं रचलेला. ज्या बाजूचं त्या बाजूनेच म्हणायचं, दुसऱ्याचं तोंडात घ्यायचं नाही. दुपारी भाकरी खाताना सगळ्याजणी पुन्हा घोळवून पक्कं करायच्या. संध्याकाळी दीर लिहून घ्यायचा तेव्हा बोलणारी एकटीच असायची, त्यामुळे दोन्ही बाजू तिच्याच नावावर गेल्या.

पहिल्या चरित्रात या चरणावर अख्खं प्रकरण आहे. मनगट देणारा हात देवाचा, असं त्यात म्हटलंय. तो हात एका बाईचा होता आणि तो चिखलाने भरलेला होता.

चरित्रकार घरी आले होते का, असं मैत्रिणीने विचारलं. आले होते. याच ओसरीवर मालकांशी बोलले. आजींनी आतून चहा करून दिला.

"मला कुनी इचारलं?" आजी म्हणाल्या. "कप तेवढा परत दिला."

एकीच्या आठवणीवर टीप लिहिता येत नाही. पलीकडच्या दोघींपैकी एक विंझरला लेकीकडे आहे, असं आजींनी सांगितलं. बुधवारी आम्ही दोघी तिथं गेलो. या वेळी पुस्तक पिशवीतच ठेवलं आणि मैत्रिणीला बजावलं, मध्ये बोलायचं नाही. मी नुसते पहिले चरण म्हणत गेले. ती म्हातारी भुईमूग फोडत होती. मान वर न करता उत्तरं देत गेली, एकेक चरण, छापलेला होता तसाच. फक्त तीन ठिकाणी तिचा शब्द वेगळा, छापलेल्यापेक्षा सरस निघाला. मनगटाच्या चरणाची पाळी आली, तेव्हा मात्र तिने मान वर केली.

"त्यो माझा न्हाई, भोंगवलीकरणीचा. माझ्या शेजारी उबी ऱ्हायाची. ती चिखलात उतरंस्तोवर तुमची कविता करनारी तोंड उघडायची न्हाई."

मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. इतकी वर्षं एकटीची म्हणून वाचलेली कविता मला चार गळ्यांतून ऐकू येत होती.

परत येताना पासलीला थांबून आजींना हे सांगितलं. त्यांची एकच अट होती. "भोंगवलीकरीण म्हणून छापू नगा. तिचं नाव छापा. मी जिती हाय तंवर वाचून दावा मला."

अडचण तिथेच आहे. इकडे सगळ्या तिला माहेरच्या गावावरूनच हाक मारायच्या. तिला मूलबाळ नव्हतं, सासरचं घर केव्हाच बंद झालंय. नाव ना आजींना ठाऊक, ना विंझरच्या म्हातारीला. भोंगवलीच्या भावकीत कुणी सांगेल किंवा तिथल्या शाळेच्या जुन्या दाखल्यांच्या रजिस्टरात असेल, पण ती शाळेत गेली होती की नाही हेही माहीत नाही. छापखान्याला मी सूचीचं शेवटचं पान अडवून ठेवायला सांगितलंय.

बाकी काम: भोंगवलीला जाणं, माहेरचं घर शोधणं, नाव विचारणं.