खात्रीरावांनी न तपासलेला कोपरा

त्यांचं खरं नाव कागदावर होतं आणि कागदावरच राहिलं. ट्रस्टच्या मोफत दवाखान्यात सगळे त्यांना खात्रीराव म्हणायचे, आणि त्यात कुणाची चूक होती असं मला तरी वाटत नाही. माणूस कुलूप लावायचा, ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढायचा. औषधांची खोकी आली की खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायचा, मग खोकं उघडून आत काय आहे ते बघायचा, आणि दोन्ही जुळलं की त्याचा संशय आणखी वाढायचा. परिचारिकेनं हसून नमस्कार केला तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकायची, की आज ही हसली का?

ते ट्रस्टचे व्यवस्थापक. विश्वस्त महिन्यातून एकदा बैठकीला जमायचे, बाकीचा सगळा डोलारा यांच्या अंगावर. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ते मागच्या मोकळ्या जागेला फेरी मारायचे. कुंपणाची तार कुठं वाकलीय, शेजारच्या गॅरेजवाल्यानं टायर इकडे सरकवलेत का, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचे. गॅरेजवाला तर त्यांना बघताच स्वतःहून टायर मोजायला लागायचा. फक्त एका कोपऱ्याशी आले की खात्रीरावांची नजर मऊ व्हायची. त्या कोपऱ्यात त्यांचा थोरला भाऊ बसायचा.

दादा जुनं फर्निचर दुरुस्त करायचा. वडील लवकर गेले तेव्हा शाळा सोडून रंधा हातात घेतलेला माणूस. धाकट्याला शिकवलं, त्याच्या नोकरीसाठी म्हाताऱ्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले. हे डॉक्टर आता ट्रस्टचे अध्यक्ष होते. दादाच्या भाड्याच्या दुकानाची इमारत पाडली तेव्हा त्यानं दोन मोडक्या खुर्च्या त्या कोपऱ्यात आणून ठेवल्या. मग पावसापासून वाचायला वर पत्रा आला. मग पत्र्याला भिंती आल्या. खात्रीराव रोज फेरीच्या शेवटी तिथं टेकायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. दादाची हत्यारांची पेटी उघडीच असायची. कुलूप का लावत नाहीस म्हटलं की तो म्हणायचा, "तू आहेस की कुलूप."

ट्रस्टनं त्या जागेवर एक हॉल बांधायचं ठरवलं, अर्धांगवायू झालेल्या लोकांना पुन्हा चालायला शिकवण्यासाठी, आणि तिथं घोडं अडलं. मोजणीवाला फीत घेऊन आला, भिंतीकडून मोजत निघाला आणि दादाच्या शेडला येऊन थांबला.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी खात्रीरावांकडे पाहिलं. ट्रस्टच्या खजिनदारांनी जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्या दिवशी खात्रीरावांनी तो कोपरा पहिल्यांदा परक्याच्या नजरेनं बघितला. खाली सिमेंटची फरशी होती. ती कधी झाली? दारावर दुकानाची पाटी होती. विजेची तार दवाखान्यातून आलेली नव्हती. शेडला स्वतःचा मीटर होता, दादाच्या नावाचा. चहाचा कप हातात धरून रोज याच मीटरखाली बसणारा माणूस आपणच, हे कळल्यावर ते तडक दादापुढं जाऊन उभे राहिले.

"दादा, हा मीटर कधी घेतलास?"

"घेतला असेल. अंधारात काम होतं होय?"

"ही जागा ट्रस्टची आहे."

दादा खुर्चीचा निखळलेला पाय बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "इतकी वर्षं उघडपणे बसलोय. कुणी हरकत घेतली नाही."

हे वाक्य दादाचं नव्हतं. हरकत वगैरे शब्द दादाच्या तोंडात कुणीतरी भरवले होते, याबद्दल खात्रीरावांना रतीभर शंका राहिली नाही. म्हणजे तो कुणालातरी भेटून आलाय. म्हणजे हे आजकालचं नाही. रात्री वहिनीनं डबा पाठवला तर यांनी झाकण काढून नुसतं बघत बसावं, की आज नेमकी आवडती भाजी का? शेवटी खाल्ला, पण घास गोड लागला नाही.

दुसरीकडे दवाखान्यात कुजबुज सुरू झाली होती. भाऊ व्यवस्थापक, भाऊच अतिक्रमण करणारा. पाणी मुरतंय ते कुठं, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. खजिनदार तर तोंडावरच म्हणाले, "गॅरेजवाल्याचं एक टायर तुम्हाला दिसतं आणि अख्खी शेड दिसत नाही?" दुसऱ्या कुणाबद्दल त्यांनी स्वतः हेच विचारलं असतं.

म्हणून त्यांनी नोटिशीचा मसुदा स्वतः लिहायला घेतला, आणि असा लिहिला की वाचणाऱ्याला घाम फुटावा. 'तू कपटाने जागा बळकावली आहेस. आठ दिवसांत चालता हो, नाहीतर वीज तोडू, सामान रस्त्यावर फेकू आणि चारचौघांत अब्रू काढू.' तो कागद घेऊन ते ट्रस्टच्या वकीलबाईंकडे गेले.

बाईंचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि छताला भिडलेल्या फायली. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला.

"हे भावाला लिहिलंय का खजिनदारांना?"

खात्रीरावांनी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"वीज आपण तोडायची नाही. सामानाला बोट लावायचं नाही. ताबा काढून द्यायचा अधिकार कोर्टाला आहे, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. आणि शिव्या घालून जमीन परत मिळत नसते. उलट तोच कागद घेऊन तो उद्या मनाईहुकूम मागेल." त्यांनी पेन उचललं. "आता मला सांगा, परवानगी कुणी दिली होती?"

"कुणी नाही."

"तुम्ही?"

"मी तोंडानं कधी दिली नाही."

"पण बघत होता."

"रोज."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांची नजर आता खात्रीराव दुसऱ्यांकडे बघायचे तशीच होती. "तो हेच म्हणणार. व्यवस्थापकाला माहीत होतं, म्हणजे परवानगी होती. जागा वापरायला देणं हे विश्वस्तांच्या ठरावाशिवाय होत नाही, तुम्ही हो म्हटलं असतं तरी चाललं नसतं. ते मी लिहीन. पण तुम्ही बघत होता हे विश्वस्तांना आधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. आणि नोटीस विश्वस्तांच्या ठरावानंच जाईल, तुमच्या सांगण्यावरून नाही."

बैठकीत खात्रीरावांनी उभं राहून सगळं सांगितलं, चहासकट. खजिनदारांनी 'मी म्हणत नव्हतो' अशा थाटात खुर्चीत पाठ टेकली. मग ठराव झाला. खात्रीरावांची नोकरी राहिली, पण मागच्या जागेची किल्ली काढून घेण्यात आली, आणि या प्रकरणात त्यांनी काही ठरवायचं नाही असं लिहून घेतलं.

बाईंनी लिहिलेली नोटीस एका पानाची होती. वर ट्रस्टचं नाव आणि ठरावाचा उल्लेख. मग जमिनीचा क्रमांक, चतुःसीमा आणि तिच्यातला किती भाग शेडखाली आहे ते. दादाला सगळीकडे 'आपण' म्हटलं होतं. भाडेकरू असं एकदाही म्हटलं नव्हतं, कारण तसं म्हणणं म्हणजे भाडेकरूचा हक्क आपल्याच हातानं देणं. 'सदर भाग ट्रस्टच्या मालकीचा असून आपण तो विश्वस्तांच्या परवानगीशिवाय वापरत आहात. कोणाही कर्मचाऱ्यास अशी परवानगी देण्याचा अधिकार नव्हता व नाही. आपणाजवळ हक्काचा वा परवानगीचा काही पुरावा असल्यास तो मुदतीत दाखवावा. त्याचा विचार करण्यात येईल. अन्यथा ही नोटीस मिळाल्यापासून साठ दिवसांत आपले सामान व बांधकाम काढून जागा मोकळी करून द्यावी. अधिक वेळ हवा असल्यास लेखी कळवावे. वेळ दिला तरी ती जागा वापरण्याची परवानगी समजू नये. मुदतीत जागा मोकळी न झाल्यास ट्रस्ट योग्य त्या न्यायालयात दाद मागेल. तोवर आपल्या सामानास वा विजेस ट्रस्टतर्फे हात लावला जाणार नाही.' खाली वकीलबाईंची सही.

"मी नेऊन देतो," खात्रीराव म्हणाले.

"तुम्ही तर मुळीच नाही. नोंदणीकृत टपालानं जाईल, पोचपावतीसकट. आणि मुदत संपेपर्यंत तिथं चहाला बसायचं नाही."

पोस्टमन आला तेव्हा दादानं आधी सही करायला नकार दिला. सही केली की जागा गेली, असं त्याला वाटलं. पोस्टमन म्हणाला, सही फक्त कागद मिळाल्याची आहे. दादानं पोस्टमनकडेही संशयानं बघितलं, मग सही केली. कागद त्यानं उभ्याउभ्या तीनदा वाचला. शिवी शोधत होता म्हणे. सापडली नाही तसा जास्तच बिथरला आणि स्वतःच्या वकिलाकडे गेला. हरकत हा शब्द शिकवणारा बहुधा तोच. त्यानं कागद उलटासुलटा बघितला आणि सांगितलं, "यात बोट ठेवायला जागा नाही. दमदाटी असती तर मी काहीतरी केलं असतं. लढायचं तर लढू, पण दाखवायला काय आहे तुझ्याकडे?"

दादाकडे दाखवायला एक धाकटा भाऊ होता, आणि त्याचा उपयोग नाही हे कागदातच लिहिलं होतं.

ते दोन महिने खात्रीरावांना फार जड गेले. संध्याकाळी खिडकीतून ते शेडकडे बघायचे. दिवा लागला की वाटायचं, हा आता आणखी एक भिंत घालतोय. दिवा नाही लागला की वाटायचं, कोर्टात गेला. दादा काही लिहून मागत नव्हता, बोलत नव्हता, वहिनीचा डबा बंद झाला होता. हा इतका शांत का, या एका प्रश्नानं त्यांची झोप उडाली.

मुदत संपायच्या आधीच टेम्पो आला. दादानं पत्रे उतरवले, मीटर बंद करून घेतला, सिमेंटची फरशीसुद्धा स्वतः फोडून ढीग लावला. वकीलबाई आणि खजिनदार ताबा घ्यायला आले, खात्रीराव त्यांच्यामागं जरा लांब उभे राहिले. ताब्याच्या कागदावर साक्षीदार हवा होता, तर दादाच म्हणाला, "याला करू दे सही. पण आधी नीट बघून घे म्हणावं."

"दादा, मी काय बघू?"

"सगळं. राहिलं असेल काही माझं. तू सगळ्यांचं बघतोस."

मग खात्रीराव त्या कोपऱ्यात फिरले. भिंत बघितली, खिळे बघितले, फरशीच्या ढिगाखाली बघितलं. भाऊ समोर उभा राहून त्यांना तपासताना बघत होता. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की तुझ्यावर मी कधी संशय घेतला नाही रे, या जगात तुझ्या एकट्यावर नाही. पण गेले दोन महिने ते दुसरं काय करत होते? त्यांनी सही केली.

हत्यारांची पेटी सगळ्यात शेवटी टेम्पोत चढली. तिला नवीन कुलूप होतं. दादानं ते भावाच्या देखत लावलं, ओढून बघितलं, पुढं जाऊन बसायला चार पावलं गेला, आणि परत येऊन पुन्हा ओढून बघितलं.