आईने वाचलेले नऊ थेंब

आमच्या दादाला सगळे भिंग म्हणतात. पंधरा वर्षं त्याने बाटल्या, डबे, साबण यांचे फोटो काढले, आणि प्रत्येक लेबल भिंगाखाली तपासलं. आता तो त्याच फोटोंपासून पाच-सहा सेकंदांच्या जाहिराती करतो. फोटो कॉम्प्युटरला द्यायचा, काय हलावं ते लिहायचं, की क्लिप तयार. "अक्षरं ठळक ठेव" हे वाक्य तो दर वेळी लिहायचा. शेवटची परीक्षा आईची. तिला चष्म्याविना लेबल वाचता आलं, की क्लिप रवाना.

त्या दिवशी सकाळी आई माझ्याकडे आली होती. मी न्हाणीघरातून बाहेर आले, तर ती माझ्या सहा महिन्यांच्या लेकीच्या जिभेवर जीवनसत्त्वाचे थेंब सोडत होती. मोजत होती. "तीन, चार, पाच..."

मी तिचा हात धरला. "आई, चारच द्यायचे असतात."

"नऊ. भिंगाच्या जाहिरातीत मी स्वतः वाचलंय. त्याचं कधी चुकतं का?"

मी बाटली बघितली. चार. मोबाइलवर दादाची क्लिप लावली. सुरुवातीला चार. मग बाटली ऐटीत गिरकी घेऊन परत समोर आली, आणि तिच्यावर स्वच्छ, ठळक नऊ. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एका जास्तीच्या थेंबाने काही होणार नाही. तरी मी लेकीला खाली ठेवलं नाही.

तिला कडेवर घेऊनच दादाच्या खोलीवर गेले. त्याने क्लिप पुढे पुढे सरकवली आणि गिरकीपाशी थांबवली.

"मी बाटली फिरवायला सांगितली," तो म्हणाला. "फिरताना लेबल आड गेलं. परत आलं ते माझ्या फोटोतलं नव्हतंच, कॉम्प्युटरने नव्याने काढलेलं होतं. ठळक मागितलं, ठळक दिलं."

"आणि तू?"

"आईने नऊ वाचलं, मी शाब्बास म्हटलं. ती अडखळते का, एवढंच बघत होतो."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्याने तोवर कंपनीला फोन लावला होता. क्लिप सकाळपासून लोकांसमोर होती. "आधी काढा. चूक माझी," एवढंच तो बोलला. मग नव्याने लिहायला बसला: बाटली स्थिर, कॅमेरा स्थिर, हलेल तो फक्त मागचा पडदा आणि काचेवरचा उजेड. वर मूळ फोटोतलं लेबल जसंच्या तसं बसवलं आणि क्लिपचं एकेक चित्र थांबवून बघितलं.

संध्याकाळी आईने वाचलं, "चार थेंब." दादा खरी बाटली हातात धरून आकडा जुळवत होता.

"माझ्या वाचण्यावर विश्वास नाही का रे आता?"

"तुझ्या आहे," तो म्हणाला, आणि बाटली माझ्याकडे दिली. "तूही एकदा बघ."