साध्या फाइलींमधलं नाव

आमच्या कंपनीत प्रत्येक ईमेलच्या दोन फाइली असायच्या. एक रंगीत, म्हणजे एचटीएमएलची. तिच्यात वर निळी पट्टी, लोगो, तक्ते, बटणं असा सगळा थाट. दुसरी साधी, नुसत्या अक्षरांची. ईमेल जाताना या दोन्ही प्रती एकाच पाकिटात जातात आणि ज्याच्या मशीनला जी झेपेल ती उघडते. तुम्हाला-आम्हाला रंगीतच दिसते. साधी प्रत पाकिटात आहे याचा पत्ताही कुणाला नसतो.

साध्या फाइली ताई लिहायच्या. ताई माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठ्या, मूळच्या सिन्नरकडच्या. मी अंबडच्या त्या ऑफिसात लागले तेव्हापासून त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत. खाली पत्रा ठोकणारं प्रेस शॉप होतं, दिवसभर जमीन हादरायची, आणि त्या हादऱ्यात ताई रंगीत फाइलीतला तक्ता मोडून त्याच्या सरळ ओळी करत बसायच्या. तारीख अमुक, वेळ अमुक, येताना काय आणायचं ते अमुक. ओळ फार लांब होऊ द्यायच्या नाहीत. हे काम मशीनही करतं, पण मशीन तक्त्याचा चिवडा करतं. ताईंची फाइल वाचली की कुणीतरी शेजारी बसून समजावून सांगतंय असं वाटायचं.

त्यांची नोकरी कराराची होती. दरवर्षी मार्चमध्ये करार वाढवून मिळायचा, आणि त्या वर्षी आमच्या सरांनी जानेवारीपासूनच कुरकूर सुरू केली होती. "साधी फाइल आजकाल वाचतं कोण, ताई?" असं ते हसत हसत विचारायचे. ताई म्हणायच्या, "वाचतात सर. आपल्याला दिसत नाहीत म्हणून काय झालं." ताईंच्या यजमानांचा कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

फेब्रुवारीत आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून, म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबकडून, निरोप आला. आमच्याकडे येणारे लोक कस्टमर नाहीत, पेशंट आहेत, असा त्यांना अचानक साक्षात्कार झाला होता. त्यांच्या सिस्टीममध्ये नावाच्या रकान्याचं नाव सोमवारपासून कस्टमर नेमऐवजी पेशंट नेम होणार होतं. ईमेलच्या साच्यात जिथे माणसाचं नाव पडायचं तिथे आम्ही दुहेरी महिरपी कंसात कस्टमर नेम लिहिलेलं असायचं. पाठवताना मशीन तो कंस काढून तिथे खरं नाव बसवतं. म्हणजे सगळ्या साच्यांत तो शब्द बदलायचा. काम माझ्याकडे आलं.

शुक्रवारी मी ते केलं. एका फटक्यात शोधा आणि बदला. वर आणखी शहाणपणा म्हणून हाताने तपासलंसुद्धा. एका फाइलीत कुणीतरी नाव ठळक करायच्या नादात कंस आणि शब्द यांच्या मधोमध ठळकपणाची खूण, म्हणजे टॅग, घुसवला होता, म्हणून कंसासकट शोधताना ती जागा सापडतच नव्हती. तीही मी हुडकून काढली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. विषयाच्या ओळीतलं नावही विसरले नाही. मग प्रत्येक साच्याची चाचणीची ईमेल स्वतःलाच पाठवली, फोनवर बघितली, कॉम्प्युटरवर बघितली. सगळीकडे माझं नाव ठसठशीत दिसत होतं.

दिसणारच. मला रंगीत प्रतच दिसत होती.

साध्या फाइलींना मी हात लावला नव्हता, आणि तो विसरभोळेपणा नव्हता. आमच्याकडे रीतच होती की ताईंच्या फोल्डरला ताईच हात लावणार. शब्द लांबला-आखडला की ओळ पुन्हा बसवावी लागते, आणि दुसऱ्या कुणी घाईत केलेलं त्यांना आवडायचं नाही. आपण फक्त सांगायचं, "ताई, अमुक बदललंय." त्या शुक्रवारी ताई भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. मी ठरवलं, फोन करून सांगते. मग वाटलं, साखरपुड्यात कुठे त्रास द्यायचा, सोमवारी आल्या आल्या सांगू. हे मला इतकं स्वच्छ आठवतं की चीड येते.

लॅबची ईमेल सोमवारी सकाळी सहालाच निघाली. त्या दिवशीच्या तपासण्यांची आठवण, पेशंटला एक आणि त्याच्या जवळच्या, रक्त घ्यायच्या केंद्राला एक. साध्या फाइलींमध्ये अजून कस्टमर नेमच होतं, आणि त्या नावाचं आता सिस्टीममध्ये काही उरलं नव्हतं. आमचं मशीन अशा वेळी बोंब मारत नाही. नाव सापडलं नाही की गपचूप जागा रिकामी सोडतं आणि पाकीट पुढे ढकलतं.

साडेनऊला मालेगावच्या केंद्रावरून फोन आला. तिथला माणूस मला नेहमी मॅडम म्हणायचा. "मॅडम, आज सगळे पेशंट बिननावाचे आलेत. नमस्कार म्हणून पुढं डायरेक्ट स्वल्पविराम हे. मी हाक कोणाला मारू?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे निळी पट्टी दिसतेय ना वर?"

"पट्टी-बिट्टी काय नाय. इथं नेट लय स्लो हे, मी पहिल्यापासून साधंच करून ठेवलंय. त्याचीच प्रिंट मारतो आन नावं पुकारतो. चांगलं येतं ना ते, सुटसुटीत."

तिथे त्या सकाळी लोक उपाशीपोटी रक्त द्यायला बसले होते. त्याच्या कागदावर बुकिंगचे नंबर होते, पण लोकांना आपला नंबर कुठे पाठ असतो. एकेकाला फोन दाखवायला लावून त्याने अकरापर्यंत कसंबसं निभावलं. त्यात साखरेचा त्रास असलेली एक म्हातारी चक्कर येऊन बसली, तिला बिस्किटं दिली, मग तिचं रक्त त्या दिवशी घेताच आलं नाही.

फोन ठेवला आणि मी ताईंकडे वळले. त्या नुकत्याच आल्या होत्या, पर्समधून साखरपुड्याचे पेढे काढत होत्या. मी सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा डबा बाजूला सरकवला, फोल्डर उघडला, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगू का? आनंद. "बघ," त्या हळूच म्हणाल्या, "वाचतं ना कुणीतरी."

मलाही तसंच वाटलं. चूक झाली, पण यातून ताईंचं म्हणणं तरी सिद्ध झालं, आता सर काय बोलणार. मी इतकी भाबडी होते.

ताईंनी एकेक फाइल उघडून ओळी बसवायला घेतल्या. पहिल्या तीन झाल्या असतील-नसतील तोच सर आले. "किती वेळ लागेल?" ताई म्हणाल्या, "दुपारपर्यंत." सर माझ्याकडे वळले. "तुला?" मी म्हटलं, "दोन मिनिटं." खरंच दोन मिनिटं. शोधण्याच्या खिडकीत फक्त रंगीत फाइलींत शोधा अशी माझी खूण होती, ती काढली, बटण दाबलं, झालं. ओळी वेड्यावाकड्या झाल्या असतील, पण नावं आली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना बोलायची गरजच उरली नव्हती.

दुपारी मीटिंग झाली. आम्ही तिघंच. लॅबला लेखी कारण द्यायचं होतं. सरांनी फाइलींचा इतिहास प्रोजेक्टरने भिंतीवर लावला. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथे उमटतं. माझी शुक्रवारची नोंद होती, नीटनेटकी. पण कोणी काय करायचं राहिलं, कोणी कुणाला सांगायचं राहिलं, याची नोंद कुठलंच मशीन ठेवत नाही. सरांनी विचारलं, "साध्या फाइली कोणाकडे असतात?"

ताई म्हणाल्या, "माझ्याकडे."

"मग त्यात बदल का झाला नाही?"

खोलीत मला बोलायला वाव होता. बराच वाव होता. सर थांबले होते, ताई टेबलाकडे बघत होत्या. मला फक्त "मी त्यांना सांगितलंच नाही" एवढं म्हणायचं होतं. माझं कायम होण्याचं पत्र लवकरच निघायचं होतं आणि ते पत्र माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभं होतं. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. ताई म्हणाल्या, "मी रजेवर होते. राहून गेलं." सरांनी ते लिहून घेतलं.

मार्चमध्ये ताईंचा करार वाढवला गेला नाही. साध्या फाइली आता मशीन बनवणार, रंगीतमधून आपोआप, म्हणजे नाव एकाच ठिकाणी बदललं की झालं. ते बसवायचं काम माझ्याकडेच आलं. नावाच्या बाबतीत ते चोख आहे, चुकत नाही. तक्त्याचा मात्र चिवडा होतो. मालेगावच्या माणसाने दोनदा फोन करून विचारलं, आधीच्यासारखं करता येईल का. मी म्हटलं, बघते.

शेवटच्या दिवशी ताईंना मी सिन्नर फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं. त्यांना माहेरी जायचं होतं. रस्ताभर बोललो नाही, हेल्मेटचं निमित्त होतं. फाट्यावर त्या उतरल्या, पदर नीट केला, एसटी कुठे दिसते का बघायला लागल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, तुम्ही मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत, की मी तुम्हाला काही कळवलंच नव्हतं?"

त्या जराही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सांगून काय झालं असतं गं? दोन मिनिटांचं काम दुपारपर्यंत करणारी बाई त्यांनी तशीही ठेवली नसती. उगा तुझंबी गेलं असतं." मग रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "तू मला विचारलंस, मी का नाही सांगितलं. तू का नाही सांगितलंस, ते मी तुला नाय विचारणार."

एसटी आली. मी त्यांची पिशवी वर दिली. दाराशी गर्दी होती, त्या आत शिरल्या आणि कुठल्या खिडकीशी बसल्या ते मला दिसलं नाही. पंधरा दिवसांनी माझं कायम झाल्याचं पत्र आलं, आणि मी ते घेतलं.