यादीत न आलेल्या बाया

उमादेवीला किशनराव कितीसे ओळखत होते? खटकचिंचोळीच्या एकाच गल्लीत बारा वर्षं राहून तिचं माहेर कोणतं, हेसुद्धा त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती शिवण शिकवते, ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ टाकते आणि चिडली की कात्री टेबलावर आपटते, एवढंच त्यांना ठाऊक.

निवृत्त मास्तर म्हणून व्हिडिओंची नावं लिहायचं काम तिनं त्यांना दिलं होतं. ते मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहीत. व्हिडिओ जुळवणारा वीरेश म्हणायचा, लोक तसंच टाइप करतात.

एका दुपारी जनवाड्याहून शिकायला येणारी बसम्मा कावून म्हणाली, "अक्का, तुमचा व्हिडिओ न्हाई सापडत. बोलून बोलून घसा सुकला."

तिनं फोनवरचा माइक दाबला अन् म्हणाली, "कटोरी ब्लाउज कसा कापायचा." पडद्यावर तेच शब्द देवनागरीत उमटले. खाली सगळे परक्या बायांचे व्हिडिओ.

उमादेवी वळली. "गुरुजी, इंग्रजीत कामून लिहायलात?"

किशनरावांऐवजी वीरेशनंच लॅपटॉप पुढे सरकवला. "हे बघा अक्का. महिनाभरात लोक जे शब्द शोधून आपल्याकडं आले, त्याची यादी. एकजात इंग्रजी अक्षरं. मराठी एक न्हाई."

"आमच्या बाया टाइप कुठं करतेत? बोलतेत!"

"मग यादीत कामून न्हाईत?"

कात्री आपटली. "ज्यांना सापडला त्यांचेच शब्द येतेत की रे यात! हिला सापडलाच न्हाई, तर हिचं बोलणं तुझ्या यादीत कुठून येईल? अन् मी कुणासाठी शिकवायले, यादीसाठी?"

किशनरावांचे कान तापले. हे त्यांच्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. पण लॅपटॉपवरच्या पोरापुढं आपण म्हाताऱ्यानं काय बोलायचं, म्हणून ते बोलले नव्हते.

तिनं चेहरा वाचला. "तुम्हाला कळत होतं?"

"व्हय."

"मग तोंड काय मी शिवलं होतं का?"

त्याच बैठकीत त्यांनी एकेक नाव देवनागरीत लिहून काढलं. टाइप करणाऱ्या पोरी तुटू नयेत म्हणून खालच्या माहितीत तेच नाव एकदा इंग्रजी अक्षरांत ठेवलं. पंधरा दिवसांनी यादीत दोन्ही तऱ्हेचे शब्द दिसायला लागले. बसम्मालाही व्हिडिओ सापडला. उमादेवीचा राग मात्र उतरला नाही. कामापुरतं बोलायची, नजर कापडावर.

पुढं नवऱ्याची बदली झाली अन् ती कलबुर्गीला निघाली. किशनराव भालकीच्या स्टँडपर्यंत गेले. माफी मागायची होती, पण ते तिच्या पिशव्याच बसमध्ये चढवत राहिले. ती खिडकीतून म्हणाली, "शनिवारी बाह्यांचा व्हिडिओ टाकायचाय. नाव लिहून पाठवा."

"पाठवतो. पाणी घेतलंस का?"

"घेतलंय, गुरुजी."