रोजच्या सहा गोळ्या

सोलापूरच्या गिरणीतला एक विणकर रात्रपाळीनंतर दिवसा झोप यावी म्हणून बार्बिट्युरेटची गोळी घ्यायचा. एकीच्या सहा झाल्या, कारण यकृतात गोळी फोडणारी एन्झाइमं वाढली होती आणि मेंदूत ती जिथे लागू पडते ते रिसेप्टर कमी झाले होते. इस्पितळात ठेवून मी त्या हळूहळू सोडवल्या आणि मोठ्या ऐटीत त्याला घरी पाठवलं. आता त्याचं शरीर पुन्हा पहिल्यासारखं झालंय, त्याला सहा सोसायच्या नाहीत, हे मात्र मी मूर्खानं सांगितलंच नाही.

आठवड्याभरात बायको त्याचं प्रेत घेऊन आली.

"रातपाळीवरनं आला, झोप लागंना म्हनला. डब्यात जुन्या व्हत्या," ती म्हणाली. "जास्त न्हाय दिल्या, डाक्टर. रोजच्या सहाच दिल्या की."